सीएफआय ०.९५ च्या वर नेला, पण मॉडेल कुठे नेलं? सेम, म्हणजे स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझं मॉडेल फिट होत नव्हतं. मॉडेल डेटाला किती जुळतं ते सांगणारा सीएफआय ०.८८ वर अडकलेला. सिनियरने सांगितलं, एमॉस सॉफ्टवेअरमध्ये मॉडिफिकेशन इंडिसेसची, म्हणजे कुठला बाण जोडला तर फिट किती सुधारेल त्या सुचवण्यांची, खूण कर, सगळ्यात मोठा आकडा बघ, त्या दोन एरर टर्म जोड, परत रन कर, फिट होईपर्यंत हेच. मी तसंच केलं. सात दुतोंडी बाण काढले, सीएफआय ०.९५३ झाला, त्या रात्री शांत झोपले. मग प्री-सबमिशनला एका परीक्षकांनी आकृतीवर बोट ठेवून विचारलं, "e4 आणि e11 का जोडलेत हो?" आणि माझ्याकडे "सॉफ्टवेअरने सांगितलं" याशिवाय उत्तरच नव्हतं.

नंतर नवीन दोनशेच्या आसपास फॉर्म भरून घेतले आणि तेच मॉडेल त्यांच्यावर चालवलं, तर सातपैकी दोनच बाण टिकले. बाकीचे पाच माझ्या पहिल्या सॅम्पलचे लाड होते. हा लेख त्या पाच बाणांबद्दल आहे.

काय काय लागेल

- आर आणि त्यातलं `lavaan` पॅकेज (दोन्ही फुकट). एमॉसवाल्यांनाही कळेल, फक्त बटणं वेगळी.
- `HolzingerSwineford1939` हा डेटा. पॅकेजसोबतच येतो, वेगळा शोधायला नको.
- कागद आणि पेन, बाण मोजायला. गंमत नाही, खरंच लागेल.
- तुमचं स्वतःचं मॉडेल असेल तर डेटा येण्याआधी काढलेली आकृती, तारीख घातलेली. नसेल तर आज काढा, पुढच्या सॅम्पलला उपयोगी पडेल.

१. आधी बेस मॉडेल चालवा आणि आकडे लिहून ठेवा

हा डेटा १९३९ सालच्या अभ्यासातला आहे. दोन शाळांतली सातवी-आठवीची ३०१ मुलं, प्रत्येकाच्या नऊ चाचण्या. पहिल्या तीन डोळ्यांनी आकार ओळखण्याच्या, पुढच्या तीन वाचनाच्या, शेवटच्या तीन वेगाच्या. तीन फॅक्टर, म्हणजे चाचण्यांमागच्या तीन न दिसणाऱ्या क्षमता, प्रत्येकाला तीन चाचण्या, यापेक्षा साधं मॉडेल मिळणार नाही.

```r
library(lavaan)
m1 <- '
visual  =~ x1 + x2 + x3
textual =~ x4 + x5 + x6
speed   =~ x7 + x8 + x9
'
f1 <- cfa(m1, data = HolzingerSwineford1939)
fitMeasures(f1, c("chisq","df","pvalue",
  "cfi","tli","rmsea","srmr"))
```

उत्तर येतं: काय-स्क्वेअर ८५.३, डीएफ २४, पी ०.००१ पेक्षा कमी. सीएफआय ०.९३१, टीएलआय ०.८९६, आरएमएसईए ०.०९२, एसआरएमआर ०.०६५. हे वहीत लिहा, कारण अर्ध्या तासाने तुम्हाला हे आकडे विसरावेसे वाटणार आहेत.

२. सीएफआय एकदा हाताने काढा

हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण त्या ०.९३ चा अर्थ काय हे निम्म्या लोकांना माहीत नसतं (मलाही नव्हता). सॉफ्टवेअर गुपचूप अजून एक मॉडेल चालवतं, ज्यात नऊ चाचण्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही असं धरलेलं असतं. म्हणजे मुद्दाम बिनडोक मॉडेल. त्याचा काय-स्क्वेअर ९१८.९ आणि डीएफ ३६. काय-स्क्वेअरमधून डीएफ वजा केले की उरतो तो बिघाड, तो इथे ८८२.९. आपल्या मॉडेलचा बिघाड ८५.३ वजा २४, म्हणजे ६१.३. भागाकार केला की सुमारे ७ टक्के. १ मधून ०.०७ गेले, राहिले ०.९३. झालं.

म्हणजे सीएफआय सांगतो की बिनडोक मॉडेलपेक्षा तुम्ही किती पुढे आलात. मॉडेल खरं आहे असं तो कुठेच म्हणत नाही. आरएमएसईए तोच ६१.३ चा बिघाड घेऊन डीएफवर आणि सॅम्पलवर वाटून वर्गमूळ काढतो. एसआरएमआर थोडा वेगळा: मॉडेलने सांगितलेली कोरिलेशन आणि डेटातली कोरिलेशन यांत सरासरी किती फरक पडतो ते. तिन्ही सरासरीची मापं आहेत, आणि सरासरीत एखादी खोल जखम छान लपते.

३. ०.९५ कुठून आला ते माहीत असू द्या

सीएफआय आणि टीएलआय ०.९५ च्या आसपास, आरएमएसईए ०.०६, एसआरएमआर ०.०८, हे आकडे हू आणि बेंटलर यांच्या १९९९ च्या पेपरमधून आले. तो पेपर सगळे साइट करतात, उघडून बघणारे कमी. त्यांनी कॉम्प्युटरवर डेटा तयार केला होता: १५ चाचण्या, तीन फॅक्टर, लोडिंग, म्हणजे चाचणीचं फॅक्टरशी नातं किती घट्ट, ०.७० ते ०.८० च्या दरम्यान, मॅक्सिमम लाइकलिहूड पद्धत. मग ठराविक प्रकारे चुकवलेली मॉडेलं कुठल्या आकड्याला पकडली जातात ते पाहिलं.

आता तुमची प्रश्नावली बघा. पाच पर्यायांचा लायकर्ट, लोडिंग ०.५ पासून ०.८ पर्यंत कुठेही, बहुतेक वेळा पद्धतही दुसरी. तरी ०.९५ ही रेषा जशीच्या तशी उचलली जाते. यातली एक उलटी गंमत लक्षात ठेवा: लोडिंग कमकुवत असली की तेवढ्याच चुकलेल्या मॉडेलचे आरएमएसईए आणि एसआरएमआर जास्त चांगले दिसतात, कारण चाचण्यांमध्ये मुळात कोरिलेशनच कमी, मग चुकणार किती. भंगार प्रश्नावलीला बक्षीस मिळतं असं म्हणा ना.

४. सुचवण्या बघण्याआधी रेसिड्युअल बघा

इथे बहुतेक सगळे घाई करतात. आकडे कमी आले की हात थेट मॉडिफिकेशन इंडिसेसकडे जातो. थांबा. आधी हे:

```r
resid(f1, type = "cor")
```

हा तक्ता सांगतो की मॉडेल कुठे चुकतंय. x7 ची ओळ बघा: x1 शी -०.१४, x2 शी -०.१९. आणि x9 ची ओळ: x1 शी ०.१५, x3 शीही जवळपास तेवढंच. वाचनाच्या चाचण्यांच्या ओळीत एवढा मोठा आकडा एकच, x5 चा x3 शी -०.१५. म्हणजे मुख्य दुखणं वेग आणि डोळा यांच्यामध्ये आहे. मॉडेलच्या मते x7 चा डोळ्याच्या चाचण्यांशी बऱ्यापैकी संबंध असायला हवा, डेटात x1 शी तो जेमतेम ०.०७ आहे. आणि x9 चा जेवढा असेल असं मॉडेलला वाटतं त्याहून तो जास्त निघाला, x1 शी ०.३९.

आता चाचण्या काय आहेत ते आठवा. x7 म्हणजे भराभर बेरजा करणं. x8 म्हणजे ठिपके भराभर मोजणं. x9 म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सरळ रेषांची कुठली आणि वळणांची कुठली ते भराभर वेगळं करणं. आलं ना लक्षात? पहिल्या दोन आकड्यांच्या, तिसरी नजरेची. तिघींना "वेग" या एका पोत्यात कोंबलंय.

५. आता सुचवण्या काढा, पण पहिल्या दोन्ही वाचा

```r
modindices(f1, sort = TRUE, maximum.number = 5)
```

यादीत सगळ्यात वर `visual =~ x9`, आकडा ३६.४. त्याखाली `x7 ~~ x8`, आकडा ३४.१. तिसरी सुचवणी १८.६ वर, बरीच मागे. हा आकडा म्हणजे तो एक बाण मोकळा केला तर काय-स्क्वेअर साधारण किती उतरेल याचा अंदाज.

पहिली स्वीकारली, म्हणजे x9 ही वेगाचीही चाचणी आणि डोळ्याचीही असं मानलं, तर काय-स्क्वेअर ५२.४, डीएफ २३, सीएफआय ०.९६७, आरएमएसईए ०.०६५. एका बाणात ०.९३१ वरून ०.९६७! हा क्षण फार धोक्याचा असतो, कारण इतका आनंद होतो की लगेच पेपर लिहायला बसावंसं वाटतं. (काय-स्क्वेअरचा पी अजूनही ०.००१ च्या खाली आहे हे मग कोणी बघत नाही, बघितलंच तर "सॅम्पल मोठं असल्याने" असं एक वाक्य टाकून मोकळे होतात. ३०१ म्हणजे काही फार मोठं सॅम्पल नाही हो.)

आता मागे या, आणि पहिली सोडून दुसरी स्वीकारा. x7 आणि x8 च्या एरर जोडा, म्हणजे बेरजा आणि ठिपके यांच्यात वेगापलीकडे काहीतरी समान आहे, समजा आकड्यांशी असलेली दोस्ती. काय-स्क्वेअर जवळपास तेवढाच खाली येतो, फिट जवळपास तेवढाच चांगला. गोष्टही तेवढीच पटणारी.

पण दोन्ही मॉडेलांमध्ये एक आकडा बघा: वेग आणि डोळा या दोन फॅक्टरमधलं कोरिलेशन. बेस मॉडेलमध्ये ते ०.४७ आहे.

```r
m2 <- paste(m1, "visual =~ x9", sep = "\n")
m3 <- paste(m1, "x7 ~~ x8", sep = "\n")
f2 <- cfa(m2, data = HolzingerSwineford1939)
f3 <- cfa(m3, data = HolzingerSwineford1939)
lavInspect(f2, "cor.lv")
lavInspect(f3, "cor.lv")
```

पहिल्या दुरुस्तीत ते खाली जातं, कारण x9 चा डोळ्याशी असलेला संबंध वेगळ्या बाणाने वाहून गेला आणि वेगाचा फॅक्टर उरला मुख्यतः बेरजा-ठिपक्यांचा. दुसऱ्या दुरुस्तीत ते वर जातं, कारण x7-x8 चं आपसातलं बाजूला काढल्यावर वेगाचा फॅक्टर x9 कडे झुकतो. म्हणजे "वेगवान मुलांची नजरही चांगली असते का" हा जर तुमचा रिसर्च प्रश्न असेल, तर एकसारख्या फिटच्या दोन मॉडेलांतून एक उत्तर "थोडीफार" आणि दुसरं "हो, चांगलीच". फिट इंडेक्स या दोघांत निवड करू शकत नाही. तुम्ही निवडलंत, आणि ३६.४ हा ३४.१ पेक्षा मोठा होता म्हणून निवडलंत, तर नाणं उडवून निवडल्यासारखंच झालं.

हे मला कोणी पहिल्याच वर्षी चालवून दाखवलं असतं तर ते सात बाण मी काढलेच नसते.

६. यादी किती लांब आहे ते मोजा

कागद-पेन आता. नऊ चाचण्या, प्रत्येकीला आपल्या नसलेल्या दोन फॅक्टरकडून येऊ शकणारे बाण: १८. नऊ एररच्या जोड्या: ३६. एकूण ५४ जागा. ३.८४ च्या वर आकडा गेला की ५ टक्क्यांच्या पातळीवर "सिग्निफिकंट". मॉडेल अगदी शंभर टक्के खरं असतं तरी ५४ चे ५ टक्के, म्हणजे दोन-तीन सुचवण्या निव्वळ योगायोगाने रेषेच्या वर आल्या असत्या. आणि तुम्ही त्यातली सगळ्यात मोठी उचलता, म्हणजे योगायोगाने फुगलेली उचलण्याची शक्यता वाढवता.

नऊ चाचण्यांचं हे. माझ्या प्रश्नावलीत २८ प्रश्न होते, फक्त एररच्याच जोड्या ३७८.

१९९२ मध्ये मॅकॅलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे थेट तपासलं होतं. मोठ्या खऱ्या डेटातून पुन्हा पुन्हा छोटी सॅम्पल काढली आणि प्रत्येकावर अशीच दुरुस्ती केली. छोट्या सॅम्पलमध्ये बहुतेक वेळा वेगळेच बाण निघाले. म्हणजे त्याच लोकसंख्येतले दुसरे दोनशे लोक भेटले असते तर तुमची आकृती वेगळी असती आणि डिस्कशनचा चॅप्टरही वेगळा.

तुम्हीही छोटा प्रयोग करू शकता, डेटात दोन शाळा आहेतच:

```r
d <- HolzingerSwineford1939
gw <- subset(d, school == "Grant-White")
pa <- subset(d, school == "Pasteur")
modindices(cfa(m1, gw), sort = TRUE, maximum.number = 5)
modindices(cfa(m1, pa), sort = TRUE, maximum.number = 5)
```

एकीकडे १४५ मुलं, दुसरीकडे १५६. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. एक सावधगिरी: शाळाच वेगळ्या आहेत, त्यामुळे याद्या जुळल्या नाहीत तर तो योगायोग की शाळांमधला खरा फरक हे या प्रयोगातून कळणार नाही. स्वतःच्या डेटात अर्धे करायचे तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे करा, कॉलेजनुसार किंवा शहरानुसार नको.

७. बाण कधी काढायचा, आणि काढल्यावर काय

बाण काढणं पाप नाहीये. काही बाण डेटा येण्याआधीच माहीत असतात. तोच प्रश्न जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये विचारला तर त्या दोन एरर जोडणं रास्तच. दोन प्रश्नांचे शब्द जुळे असतील तरी. आपल्याकडे हे भाषांतरात फार होतं: इंग्रजी प्रश्नावलीत दोन वेगळे शब्द, आणि मराठीत दोन्हीकडे "काळजी वाटते". उत्तर देणाऱ्या काकू दुसऱ्यांदा विचारल्यावर "आत्ताच सांगितलं ना" म्हणतात. माझे टिकलेले दोन बाण याच जातीचे होते. सर म्हणाले, "हे तर तू फॉर्म छापतानाच सांगू शकली असतीस." खरं होतं.

तर नियम मी असा पाळते: कारण प्रश्नाच्या शब्दांवरून किंवा पद्धतीवरून सांगता आलं पाहिजे, आणि ते आकडा बघण्याआधी लिहिलेलं असलं पाहिजे. आकडा बघून मग कारण शोधलं तर कारण मिळतंच. x9 साठी मिळालं, x7-x8 साठीही मिळालं, वर बघितलंत तुम्ही.

आकडा बघून बाण काढलाच, तर त्या क्षणापासून तुमचा अभ्यास शोधाचा झाला, पडताळणीचा राहिला नाही. त्याच डेटावरचा ०.९६७ आता पुरावा म्हणून चालत नाही, कारण त्या डेटानेच ते मॉडेल निवडलंय. बदललेलं मॉडेल तसंच गोठवायचं आणि नव्या सॅम्पलवर एकदाच चालवायचं. तिथे परत सुचवण्या बघून "अजून एकच बाण" केलात की तेही सॅम्पल खर्ची पडलं. नवं सॅम्पल शक्यच नसेल तर दोन्ही मॉडेलांचे आकडे द्या आणि मुख्य निष्कर्ष दोन्हींत टिकतो का ते दाखवा.

एक चोरवाट वेगळी सांगते, कारण ती दुरुस्ती वाटतच नाही: नकोसे प्रश्न काढून टाकणं. लोडिंग ०.५ च्या खाली म्हणून एक काढला, मग रेसिड्युअल मोठा म्हणून दुसरा, मग तिसरा, सहाच्या फॅक्टरचे तीन प्रश्न उरले आणि फिट झकास. ही पण तीच ट्यूनिंग, फक्त आकृतीत बाण दिसत नाही. आणि उरलेले तीन प्रश्न बरेचदा एकच गोष्ट तीनदा विचारणारे असतात.

८. दुसऱ्यांच्या पेपरमध्ये हे कसं पकडायचं

डीएफ मोजा, बस. नऊ चाचण्यांची मिळून ४५ माहितीची घरं: ९ गुणिले १० भागिले २. आकृतीवरून पॅरामीटर मोजा: लोडिंग ६ (प्रत्येक फॅक्टरचं पहिलं १ वर बांधलेलं), एररचे व्हेरियन्स ९, फॅक्टरचे व्हेरियन्स ३, फॅक्टरमधली कोव्हेरियन्स ३. एकूण २१, उरले २४. पेपरमध्ये आकृती ही अशी आणि खाली डीएफ २३ लिहिलेले असतील तर कुठेतरी एक बाण आहे जो तुम्हाला दाखवलेला नाही. कुठला ते डीएफवरून कळत नाही, आपल्या उदाहरणात दोन्ही दुरुस्त्यांचे डीएफ २३ च. डीएफच दिलेले नसतील, नुसता काय-स्क्वेअर भागिले डीएफ हा एकच आकडा असेल, तर मी तो पेपर बाजूला ठेवते.

९. स्वतःच्या थिसिसमध्ये काय लिहायचं

एक छोटा तक्ता. पहिल्या ओळीत आधी ठरवलेलं मॉडेल त्याच्या खऱ्या, कुरूप आकड्यांसकट. मग प्रत्येक बदलाला एक ओळ: कुठला बाण, कुठल्या पायरीला, सुचवणीचा आकडा किती, कारण आधीचं की नंतरचं, आणि त्याने तुमच्या मुख्य कोरिलेशनचं किंवा पाथचं काय झालं. हा शेवटचा रकाना कोणी मागत नाही पण तो घालाच, ०.४७ कुठल्या दिशेला सरकला ते वाचणाऱ्याला तिथेच दिसतं. माझ्या थिसिसमध्ये त्या तक्त्यात आठ ओळी आहेत, पाचांसमोर "दुसऱ्या सॅम्पलमध्ये टिकला नाही" असं लिहिलंय. व्हायवाला परीक्षक त्याच पानावर थांबले, पाच मिनिटं विचारत होते, आणि या वेळी मला e4 आणि e11 बद्दल सांगता आलं.